सातव्या दिवसाची भेट

राळेगाव तालुक्यातलं एक कापसाचं गाव. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, वेचणी ऐन भरात, त्यामुळे सकाळी अकराला गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आशा सेविका सुनंदाताई वैशालीच्या घरी पोचल्या तेव्हा घरात तिघीच होत्या. बाजेवर वैशाली, चुलीपाशी सासू, आणि सपरीत चिंचोके मांडून बसलेली तीन वर्षांची मनी. वैशालीचं दुसरं बाळंतपण होतं. नववा महिना लागल्यावर एके दिवशी बाळाची हालचाल थांबली, दवाखान्यात ठोके सापडले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मुलगा मृतच जन्मला. या भेटीच्या दिवशी त्याला सातवा दिवस होता.

मी या भागात समुपदेशनाचं काम करते. महिन्याच्या बैठकीत आम्ही एखाद्या आशाताईच्या अनुभवातला एकच प्रसंग घेतो आणि कोण काय बोललं, कोण कुठे बसलं होतं, इथपर्यंत तो उलगडतो. हा प्रसंग सुनंदाताईंनी स्वतःहून मांडला, कारण त्यात त्या आधी चुकल्या होत्या. नावं बदलली आहेत, आणि लिहायला दोघींचीही ना नाही.

घरी बाळ असतं तर सातव्या दिवसाची भेट ठरलेलीच होती. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. पण त्या फॉर्मवर रकाने बाळाचे : वजन, ताप, नाळ, दूध ओढतं का. इथे भरायला काहीच नव्हतं. सुनंदाताई तरी गेल्या, कारण रक्तस्राव, ताप, पायावरची सूज हे आईचं पाहायचं होतंच. ते सगळं ठीक निघालं. पाच मिनिटांत काम संपलं, आणि उठायचं कसं याचा त्या विचार करत होत्या.

तेवढ्यात भिंतीपलीकडे शेजारचं तान्हं रडलं.

वैशालीने मान खाली घातली. तिच्या ब्लाउजवर दोन ओले डाग हळूहळू मोठे होत गेले. तान्ह्याचा आवाज कानावर पडला की दूध सुटतं, ते बाळ आपलं की परक्याचं हे शरीराला कळत नाही. बाळ गेलेल्या आईलाही तिसऱ्या दिवसाच्या आसपास दूध येतंच, आणि तसं होणार हे तिला बहुतेक वेळा कोणी आधी सांगितलेलं नसतं. वैशालीने छातीला जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधली होती. ती पट्टी दोन्ही हातांनी दाबून धरत ती रडायला लागली. आधी आवाजच नाही, नुसते खांदे हलत होते. मग हुंदका फुटला.

सुनंदाताई पुढच्या क्षणी जे बोलल्या ते आपण सगळेच बोलतो. “रडू नको वं वैशाली. बाळंतपणात रडलं का डोळे जातात. तू अजून लहान हायेस, सालभरात दुसरं होईन. आन मनी हाय ना तुले.”

वैशाली थांबली. पदराने डोळे पुसले, “हो ताई” म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

बैठकीत मी इथेच सगळ्यांना अडवलं आणि विचारलं, ती शांत झाली का? निम्म्या जणी म्हणाल्या, झाली ना, थांबलीच तर. माझ्या मते या प्रसंगात सगळ्यात जास्त शिकण्यासारखं इथेच आहे. रडणं ओसरणं वेगळं आणि रडणं गिळणं वेगळं. ओसरतं तेव्हा आधी श्वास लांब होतो, मध्ये एखादा मोठा उसासा येतो, खांदे खाली येतात, माणूस नाक पुसतं आणि बहुतेकदा समोरच्याकडे बघतं. गिळलं जातं तेव्हा सगळं एकदम बंद होतं. “हो” फार लवकर येतो, तोंड फिरतं, जबडा आवळलेला राहतो आणि श्वास वरच्या वरच चालतो. वैशाली थांबली ती सुनंदाताईंची अडचण ओळखून. म्हणजे त्या घडीला बाळंतिणीनेच आशाताईला सांभाळून घेतलं.

त्या चार वाक्यांत चुकीचं काय होतं? दुसरं बाळ होऊ शकतं हे खरं. मनी आहे हेही खरं. पण वैशाली या बाळासाठी रडत होती, आणि चारही वाक्यांत हे बाळ कुठेच नव्हतं. “दुसरं होईन” याचा तिच्या कानी पडलेला अर्थ असा, की गेलं ते गेलं, त्याची भरपाई होते. डोळे जाण्याचं म्हणाल तर रडल्याने बाळंतिणीचे डोळे जात नाहीत. आपल्याकडे हे इतक्या वेळा म्हटलं जातं की म्हणताना आपण काय म्हणतोय हेही मनात येत नाही. त्यामागे माया असते, पण ऐकणारीला पोचतो तो हुकूम.

सुनंदाताईंना ते भिंतीकडे वळलेलं तोंड खटकलं. त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, बाजेपेक्षा उंच आणि समोरासमोर. खुर्ची सोडून त्या खाली, बाजेच्या उशाशी जमिनीवर बसल्या. मग जे बोलल्या ते त्यांनी बैठकीत जसंच्या तसं सांगितलं :

“वैशाली, मी आत्ता भलतंच बोलली. काय बोलावं ते मले समजूनच नाही राहिलं. पण मले जायची घाई नाही. मी बसतो इथे.”

प्रशिक्षणात एवढं नेमकं वाक्य मी कोणाला शिकवलेलं नाही, पण यात हवं ते सगळं आहे. आधीचं बोलणं मागे घेतलं. शब्द नाहीत हे लपवलं नाही. आणि जे देता येत होतं, म्हणजे वेळ, ते साध्या शब्दांत देऊन टाकलं. “काय बोलावं समजत नाही” हे बोलून दाखवायची आपल्याला लाज वाटते, जणू समजायलाच हवं होतं. समोरच्याला मात्र ते ऐकून बरं वाटतं, कारण तिच्या दुःखाला पुरेल असा शब्द नाही हे तिलाही ठाऊक असतं.

वैशाली पुन्हा रडली. या वेळी मोठ्याने.

नंतरचा वेळ सुनंदाताईंना फार जड गेला. “मले वाटलं अर्धा घंटा झाला, फोन पाहिला तर सात मिनिटं,” त्या म्हणाल्या. गप्प बसणाऱ्याला वेळ नेहमीच लांबलेला वाटतो, आणि त्याच अवघडलेपणातून तोंडातून भलतं काहीतरी निसटतं. मी सांगते, तोंड उघडावंसं वाटलं की आधी समोरच्या माणसाचे दहा श्वास मोजा. त्यात दोन गोष्टी साधतात. आपण गप्प राहतो, आणि तिचा श्वास लांब होतोय की नाही हे कळतं. रडणं एका दमात संपत नाही, त्याला भरती-ओहोटी असते. ओहोटी लागली की आपण “झालं, आता बोलू” असं समजतो आणि पुढची लाट मध्येच अडवतो. वैशालीच्या तीन लाटा आल्या. तिसरी सगळ्यात लहान होती.

स्पर्शाबद्दल बायकांनी बैठकीत बरंच विचारलं. सुनंदाताईंनी पाठीवरून हात फिरवला नाही, नुसता बाजेच्या काठावर, वैशालीच्या हाताजवळ ठेवला. काही वेळाने वैशालीनेच तो धरला. मला हे आवडलं. हात जवळ ठेवला की घ्यायचा की नाही हे तिच्या हातात राहतं. पाठ थोपटण्याला मात्र एक लय असते, आणि ती लय वाढत गेली की “पुरे, पुरे” असं सांगू लागते. बाईसमोर बाई होती म्हणून इतकं तरी सोपं. समोर पुरुष रडत असेल आणि आपण नात्यातले नसू, तर गावात हात धरणं दोघांनाही अवघड. तिथे शेजारी, त्याच दिशेला तोंड करून बसावं. डोळ्यांत डोळे घालायची गरज नसते.

पाण्याचंही तसंच. सासूबाई रडणं ऐकून गडवाभर पाणी घेऊन आल्या. “घे, पे, आन बस कर आता.” रडण्याच्या भरात दिलेलं पाणी म्हणजे थांब असं सांगणं. हुंदके चालू असताना घोट नीट गिळताही येत नाही, ठसका लागतो. सुनंदाताईंनी गडवा घेऊन बाजेखाली ठेवला आणि म्हणाल्या, “ठेवतो मावशी, पिईन ते. तुमीही बसा.” मावशी बसल्या नाहीत. चुलीकडे गेल्या आणि भांडी जरा जास्तच आवाज करत घासू लागल्या. एका भेटीत घर बदलत नाही. त्या बाईने सहा दिवस पहाटे उठून सुनेसाठी पाणी तापवलं होतं, मनीला सांभाळलं होतं. रडणं पाहवत नाही म्हणून ती रागावत होती.

तिसरी लाट गेल्यावर वैशाली उठून बसली, पाणी प्यायली, आणि पहिल्यांदा आपणहून बोलली.

“कोणासारखं होतं तेही कोणी नाही सांगत मले.”

बाळ तिने पाहिलंच नव्हतं. जन्मल्याबरोबर कापडात गुंडाळून बाहेर नेलं, “पाहू नको, त्रास होईन” असं कोणीतरी म्हणालं, आणि संध्याकाळी नवरा आणि दीर यांनी त्याला नाल्याकाठी पुरलं. घरी आल्यावर विषय बंद. दाखवायचं की नाही हे आईला विचारून ठरायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. काही आयांना पाहायचं नसतं, काहींना कुशीत घ्यायचं असतं. न विचारता नेलं की ती आयुष्यभर मनात एक चेहरा शोधत राहते.

पण सुनंदाताई त्या दिवशी दवाखान्यात सोबत होत्या. त्यांनी बाळ पाहिलं होतं. आणि सहा दिवस, वैशालीला त्रास नको म्हणून, त्या ते मनात धरून बसल्या होत्या.

“मी पाहिलं होतं,” त्या म्हणाल्या. “सांगू काय तुले?”

“सांगा ना ताई.”

“केस लय दाट होते. काळेभोर. नाक मनीसारखं. बोटं लांब होती.”

इथे दोघीही रडल्या. सोबतच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं तर बिघडत नाही. बिघडतं ते रडणारीला आपलीच समजूत काढावी लागली तर. सुनंदाताईंनी डोळे पुसले आणि गप्प राहिल्या.

काय बोलावं हा प्रश्न शेवटी असा सुटला. वैशालीला तत्त्वज्ञान नको होतं, एक माहिती हवी होती, आणि ती समोरच्या बाईकडे होती. पण तिने ती मागेपर्यंत ते कळायला मार्ग नव्हता. पहिल्या चार वाक्यांनंतर सुनंदाताई उठून गेल्या असत्या तर ती मागितलीच गेली नसती. जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची 2011 सालची मार्गदर्शिका आहे. तिचा गाभा म्हणजे पाहा, ऐका, जोडा. प्रशिक्षणात सगळ्यांना तिसऱ्या शब्दाची घाई असते, कारण तो रजिस्टरमध्ये लिहिता येतो.

सांगताना सुनंदाताईंनी दोन पथ्यं पाळली. आधी विचारलं. आणि पाहिलं तेवढंच सांगितलं, “झोपल्यासारखं दिसत होतं”, “हसरं होतं” असली भर घातली नाही. त्याचा उपयोग लगेच पुढे दिसला. वैशालीने विचारलं, “त्याले दुखलं असन काय?” त्या म्हणाल्या, “ते मले माहीत नाही वं.” आधीचं खरं सांगितलं होतं म्हणून हे “माहीत नाही”ही तिने ऐकून घेतलं.

मग अवघड प्रश्न आला. “मी आठव्या महिन्यापर्यंत वेचणीले जात होती. त्याच्यानं झालं काय?”

यावर “छे, तुझी काही चूक नाही” हे जिभेवर तयार असतं, आणि ते चांगल्या मनानेच येतं. पण इतक्या झटकन दिलेलं उत्तर पटत नाही. प्रश्न तिच्या डोक्यात सहा दिवस फिरतोय आणि आपण तो सहा सेकंदांत निकाली काढतो. सुनंदाताईंनी उलट विचारलं, “तुले काय वाटून राहिलं?” मग ते बाहेर आलं. वेचणीच नव्हे, एकदा पाय घसरून ती बसली होती, आणि शेवटच्या दिवशी बाळ हलत नाही हे तिने सकाळी ओळखलं, पण दुपारपर्यंत कोणाला सांगितलं नाही. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. ऐकून झाल्यावर सुनंदाताई म्हणाल्या, “वेचणीनं झालं असं मले कोण्या डॉक्टरनं सांगितलं नाही. बाकीचं मी डॉक्टर नाही, मी काय सांगू. सोमवारी दोघी मिळून मॅडमले विचारू.” पुष्कळ वेळा अशा मृत्यूचं कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. तसं असेल तर तेही त्यांच्याच तोंडून आलेलं बरं.

बोलता बोलता वैशाली म्हणाली, “वाटते, त्याच्यासंगं मीही गेली असती तर बरं झालं असतं.” असं वाक्य दुःखात पुष्कळ जण बोलतात, आणि बहुतेकांना मरायचं नसतं. पण अंदाजावर सोडायचं नाही. सरळ विचारायचं. “मरावंसं वाटते काय? स्वतःले काही करून घ्यायचं डोक्यात येते काय?” विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. मात्र विचारायची पद्धत महत्त्वाची. “असं काही नाही ना तुझ्या मनात?” असं विचारलं की “नाही” हेच उत्तर यायचं, आपणच ते मागितलेलं असतं. वैशाली म्हणाली, “नाही ताई, मनी हाय ना. पण सकाळी उठूच नये वाटते.” करून घ्यायचा विचार नव्हता. असता, तर तिला एकटं सोडायचं नव्हतं, घरातल्या माणसाला सांगायचं होतं, आणि सपरीच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या फवारणीच्या बाटल्या त्याच दिवशी घराबाहेर, कुलपात जायला हव्या होत्या. कपाशीच्या गावात हे आधी पाहावं लागतं. 14416 हा टेली मानसचा फुकट नंबर 2022 च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. सुनंदाताईंनी तो वैशालीच्या फोनमध्ये जोडून दिला. मनीला “शुभंकरोती” येत होती, ती तिने मध्येच येऊन म्हणून दाखवली, आणि विषय थोडा वेळ तिथेच थांबला.

रडणं किती दिवस चालेल, हे बायका मला विचारतात. आठवडे, महिने, मध्येच अचानक. त्याची काळजी नाही. काळजी वेगळ्या खुणांची. थकूनही झोपच लागत नाही, अन्न जात नाही, काही दिवस सलग चेहरा कोरा असतो आणि रडूही येत नाही, किंवा नसलेले आवाज ऐकू येतात, भलताच संशय येतो. शेवटच्या दोन खुणा बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि रडून झालं की लगेच हलकं वाटेल अशी अपेक्षा ठेवू नये. नेदरलँड्समधले आद फिंगरहूट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवलं की सिनेमा पाहून रडलेल्यांचं मन लगेच आणखी खचलेलं असतं आणि दीड तासाने आधीपेक्षा बरं होतं. सिनेमा आणि मूल यांची तुलना नाही. पण आपण समोर असतो तो पहिला भाग, आणि तेवढ्यावरून आपण स्वतःला नापास करतो.

निघायच्या आधी सुनंदाताई दुधाबद्दल बोलल्या. करकचून पट्टी नको, नेहमीचा आधार देणारा ब्लाउज बरा. ओल्या गार कापडाची घडी ठेवायची. फार ताठलं तर दुखणं कमी होण्यापुरतंच हाताने काढायचं, रिकामं करायचं नाही, नाहीतर आणखी येतं. एक-दोन आठवड्यांत उतरतं. लाल गाठ झाली किंवा ताप आला तर लगेच कळवायचं. हे सगळं त्यांना पहिल्या पाच मिनिटांतही सांगता आलं असतं. तेव्हा ते तिच्या कानात शिरलं नसतं.

“मी आता उठतो. बुधवारी सकाळी येतो, फॉर्मसाठी नाही, तुले भेटायले,” असं सांगून त्या उठल्या. फाटकापाशी सासूबाई राखेचे हात पुसत मागून आल्या. सुनेबद्दल काही बोलतील असं वाटलं होतं. त्यांनी हळूच विचारलं, “ते गार कापड दिवसातून किती येळा ठेवा लागते?”

बैठकीत एका तरुण आशाताईने विचारलं, काहीच माहिती नसती, बाळ पाहिलंच नसतं, तर? मी म्हणाले, तर त्या पाऊण तासातला पाच मिनिटांचा भाग वगळून बाकी सगळं तसंच राहिलं असतं. ती फारशी समाधानी दिसली नाही. दुसरीने हिशेब मांडला, अशा एका घरी पाऊण तास बसलो तर सर्व्हेची बाकीची घरं कधी करायची? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. सुनंदाताईंची त्या दिवशी चार घरं राहिली, ती त्यांनी रविवारी केली.

बुधवारी त्या पुन्हा गेल्या. वैशाली सपरीत बसून मनीची वेणी घालत होती, पट्टी सोडलेली होती. नवऱ्याने नाल्याकाठची जागा सांगितली होती, सासूबाई अजून जाऊ देत नव्हत्या. चहा झाला, वेचणीचा भाव निघाला, कोणाचा बैल मेला ते निघालं. मग वेणीला रिबन बांधता बांधता, वर न बघता वैशाली म्हणाली,

“ताई, केस कसे होते म्हणलं तुमी?”

सुनंदाताईंनी पुन्हा सांगितलं.